रेंज फुल, पण पान उघडत नाही: रोजचा डेटा संपतो तेव्हा

प्रश्न: मुलगी क्लाससाठी लातूरला हॉस्टेलवर राहते. रोज १.५ जीबीचा प्रीपेड प्लॅन आहे. दुपारी तीन-चारनंतर तिच्या फोनवर रेंज फुल दिसते, वर 4G लिहिलेलं असतं, पण गुगल उघडत नाही की क्लासचा व्हिडिओ चालत नाही. कॉल लागतो, व्हॉट्सॲपचा मेसेजही जातो. फोन बंद-चालू केला, सिम काढून पुन्हा घातलं, तरी तेच. सकाळी आपोआप चांगलं चालतं. सिम खराब झालंय की टॉवरचा प्रॉब्लेम आहे? नवीन सिम घेऊ का?

उत्तर:

सिम बदलू नका, पैसे आणि वेळ दोन्ही फुकट जातील. तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की कारण जवळजवळ पक्कं होतं. एक, त्रास दुपारनंतर सुरू होतो आणि सकाळी कोणी काही न करता मिटतो. दोन, पान उघडत नाही पण साधा मेसेज जातो. सिम खराब असतं तर सकाळीही त्रास झाला असता. नेट पूर्ण बंद असतं तर मेसेजही गेला नसता. तिचा त्या दिवसाचा १.५ जीबी दुपारपर्यंत संपतोय, आणि त्यानंतर कंपनी नेट बंद न करता त्याचा वेग अगदी खाली आणते. प्लॅनच्या माहितीत बारीक अक्षरात हे लिहिलेलंही असतं: रोजची मर्यादा संपल्यावर वेग 64 Kbps. बीएसएनएलच्या काही प्लॅनमध्ये तो 40 Kbps आहे.

मग रेंज फुल कशी, हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांना पडतो. त्या काड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा रेडिओ सिग्नल फोनपर्यंत किती जोरात पोचतोय. तुमच्या खात्यात किती डेटा शिल्लक आहे हे टॉवरला ठाऊक नसतं आणि काड्यांनाही नसतं. डेटाचा हिशेब टॉवरच्या मागे, कंपनीच्या मुख्य यंत्रणेत ठेवला जातो. तिथल्या एका दारातून तुमचा प्रत्येक बाइट जातो आणि तिथेच मोजणी होते. मोजणी १.५ जीबीला पोचली की त्या नंबरला नवा नियम लागू होतो: यापुढे सेकंदाला 64 किलोबिटपेक्षा जास्त सोडायचं नाही. नळाला पाणी भरपूर दाबाने येतंय, पण घराच्या मीटरपाशी कॉक जवळजवळ बंद केलाय, असं समजा. फोन बंद-चालू करून काही होत नाही ते याचमुळे. फोन परत जोडला गेला तरी दारावर नियम तोच असतो.

कॉल लागतो त्याचंही कारण हेच. 4G वरचा कॉल इंटरनेटच्या वाटेने जात नाही, त्याची वाट वेगळी राखून ठेवलेली असते. तिला रोजच्या डेटाची मर्यादा लागू होत नाही. साधा एसएमएसही डेटात मोजला जात नाही. म्हणून डेटा संपल्याचा एसएमएस डेटा संपल्यावरही व्यवस्थित येतो.

64 Kbps म्हणजे किती, हे एकदा नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेकांची गफलत होते. यातला लहान b म्हणजे बिट. फाइलचा आकार आपण बाइटमध्ये मोजतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणून 64 ला आठने भागायचं: सेकंदाला ८ किलोबाइट. आजचं बातम्यांचं साधं पान, त्यातले फोटो आणि जाहिराती धरून, सहज २ एमबी भरतं. म्हणजे २,०४८ किलोबाइट भागिले ८, म्हणजे २५६ सेकंद. सव्वाचार मिनिटांहून जास्त. तेही फोनमध्ये दुसरं काहीच चालू नसेल तर. इतका वेळ कोणी थांबत नाही, आणि बऱ्याचदा ब्राउझरही थांबत नाही. वरची निळी रेघ थोडी सरकते, अडकते आणि शेवटी `ERR_TIMED_OUT` असं काहीतरी येतं. व्हॉट्सॲपचा अक्षरी मेसेज मात्र एखाद्या किलोबाइटचा असतो, तो त्या बारीक धारेतूनही क्षणात जातो. एकेकाळी लोकांनी 56 Kbps च्या मोडेमवर इंटरनेट वापरलंच होतं, पण तेव्हाची पानंही फार हलकी असायची.

हिशेबाने पान चार-पाच मिनिटांत तरी यायला हवं, पण प्रत्यक्षात तेही येत नाही. कारण त्या सेकंदाला ८ किलोबाइटांवर एकटा ब्राउझर नसतो. फोटोंचा बॅकअप चढायला बघत असतो, प्ले स्टोअरला ॲप अपडेट करायचं असतं, व्हॉट्सॲप क्लासच्या ग्रुपवरची पीडीएफ आणि व्हिडिओ ओढत असतं, इन्स्टाग्राम पुढचं रील आधीच उतरवून ठेवायला बघतं. सगळे एका रांगेत उभे राहतात. रांग इतकी तुंबते की ‘या साइटचा पत्ता काय’ ही ब्राउझरची पहिली छोटीशी विचारणाच काही सेकंद अडकते. उत्तर वेळेत आलं नाही की ब्राउझर हात वर करतो. त्यात आपण वैतागून रिफ्रेश मारतो. प्रत्येक रिफ्रेशला अर्धवट आलेला भाग टाकून बऱ्याचदा पहिल्यापासून सुरुवात होते, म्हणून पान आणखीच लांबतं.

खात्री कशी करायची

सर्वांत चांगला पुरावा फोनच्या वरच्या पट्टीत मिळतो. शाओमी, रेडमी, रिअलमी, विवो, ओप्पो, वनप्लस यांच्या बहुतेक फोनमध्ये तिथे चालू वेग दाखवण्याची सोय असते. सेटिंगमध्ये वरच्या शोधपट्टीत `network speed` टाइप केलं की तो पर्याय सापडतो. तो चालू करा, वाय-फाय बंद करा आणि यूट्यूबचा कुठलाही व्हिडिओ लावा. मग अर्धा मिनिट त्या आकड्याकडे बघत राहा. आकडा 6, 7, 8 KB/s एवढ्यातच घुटमळत असेल आणि एकदाही वर उसळत नसेल, तर रोजचा डेटा संपलाय. टॉवरवर गर्दी असेल तर आकडा असा शांत बसत नाही. तो 0, मग 40, मग 300, पुन्हा 0, मग 15 असा उड्या मारतो. कधीकधी पंधरा सेकंद काहीच नाही आणि मग एकदम अर्धं पान येतं. सपाट रेघ म्हणजे मर्यादा, उड्या म्हणजे गर्दी. एवढा फरक ओळखता आला तरी निम्मं काम झालं. वेग तपासायच्या साइट या कामासाठी वापरू नका. मर्यादा संपलेली असेल तर त्या स्वतःच नीट उघडत नाहीत. संपलेली नसेल, तर चांगल्या नेटवर एकाच चाचणीत शंभर-दोनशे एमबी जाऊ शकतात.

दुसरा पुरावा एसएमएसचा. डेटाचा वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोचला की ग्राहकाला कळवायचं, असा दूरसंचार नियामक संस्था ट्रायचा नियम आहे. त्यामुळे कंपनीचा मेसेज येतोच, पण जाहिरातींच्या ढिगात तो कोणी वाचत नाही. मुलीला सांगा, मेसेजच्या ॲपमध्ये `100%` किंवा `data` असं शोधायचं आणि मेसेज किती वाजता आला ते बघायचं. ती वेळ आणि नेट अडकायची वेळ जुळली की विषय संपला. सलग तीन-चार दिवसांच्या वेळा बघितल्या तर ५० टक्के कधी झाले हेही कळतं, आणि त्यावरून डेटा कुठल्या तासात जातोय याचा अंदाज येतो. त्याचा उपयोग पुढे आहे.

तिसरं, कंपनीला थेट विचारणं. एअरटेलवर `*121#`, व्हीआयवर `*199#`, बीएसएनएलवर `*123#` डायल करा. जिओवर `1299` ला कॉल लावा, कॉल आपोआप कटतो आणि शिल्लक एसएमएसने येते. यातल्या कशालाच नेट लागत नाही. कंपनीचं ॲप उघडून बघणं सोपं वाटतं, पण त्या वेगात ॲपच उघडायला तरसायला होतं.

काड्यांशेजारी उद्गारचिन्ह किंवा फुली दिसते का, तेही बघा. फोन अधूनमधून गुगलच्या एका पत्त्यावर अगदी लहानशी विचारणा पाठवतो आणि उत्तर आलं की इंटरनेट चालू आहे असं मानतो. 64 Kbps वर ही विचारणा बहुतेक वेळा पार पडते, म्हणून रोजची मर्यादा संपली तरी चिन्ह येत नाही आणि वर सगळं ठाकठीक दिसतं. चिन्ह कायम दिसत असेल आणि साधा मेसेजही जात नसेल, तर तो प्रकार वेगळा. अशा वेळी प्लॅनची मुदत संपली आहे का ते बघा. किंवा प्लॅन रोजच्या डेटाचा नसून महिन्या-वर्षाला एकगठ्ठा ठरावीक डेटा देणारा असेल. त्यात गठ्ठा संपला की बऱ्याचदा हळू नेटही मिळत नाही, डेटा थांबतोच. कधी फोनमध्येच कोणीतरी मर्यादा लावून ठेवलेली असते. अँड्रॉइडमध्ये `Set data limit` चालू असेल तर ठरवलेल्या आकड्याला फोन स्वतः मोबाइल डेटा बंद करतो आणि तशी सूचना दाखवतो. तुमच्या बाबतीत मेसेज जातोय आणि सकाळी सगळं आपोआप सुरळीत होतंय, म्हणून यातलं काही नाही.

आज, आत्ता काय करायचं

घाईचं काम असेल तर डेटाचा जोड पॅक मारा. कंपन्या त्याला डेटा ॲड-ऑन, बूस्टर किंवा व्हाउचर म्हणतात. इथे दोन ठिकाणी पैसे जातात, दोन्ही नीट बघा.

पहिलं, घाबरून पूर्ण नवा प्लॅन मारू नका. आधीचा प्लॅन अजून चालू असेल तर नवा प्लॅन बहुधा त्याच्या मागे रांगेत लागतो आणि आधीच्याची मुदत संपल्यावर सुरू होतो. तीनशे रुपये जातात आणि आजचं नेट तसंच अडकलेलं राहतं. तुम्हाला फक्त डेटा देणारा लहान पॅक हवाय. दुसरं, त्या पॅकची मुदत वाचा. दिसायला सारखेच असलेले पॅक वेगवेगळ्या मुदतीचे असतात. काही एका तासाचे, काही त्या दिवसापुरते म्हणजे रात्री बारापर्यंतचे, काही ठरावीक दिवसांचे, आणि काहींची मुदत मूळ प्लॅनइतकी असते. रात्री अकराला एका दिवसाचा पॅक मारला तर तो तासाभरात संपू शकतो. मुदतीच्या रकान्यात मूळ प्लॅनइतकी मुदत, म्हणजे `Existing validity` किंवा तशा अर्थाचं काही लिहिलेलं असेल तर तो घ्या. उरलेला डेटा पुढच्या दिवशी उपयोगी पडतो, कारण साधारणपणे आधी रोजचा १.५ जीबी कापला जातो आणि तो संपल्यावरच जोड पॅकला हात लागतो.

रिचार्ज तिच्याच फोनवरून करायला हवा असं नाही. तुम्ही घरी बसून तुमच्या फोनवरून तिच्या नंबरवर पॅक मारू शकता. तिला त्या वेगात यूपीआय ॲप उघडत बसायला लावण्यापेक्षा हे बरं. 64 Kbps वर यूपीआय चालतं, पण पैसे कापले गेले आणि ‘झालं’ असं स्क्रीनवर आलंच नाही, की माणूस दुसऱ्यांदा पैसे पाठवतो. तसं झालं तर आधी बँकेचा एसएमएस बघायचा, मगच पुन्हा प्रयत्न करायचा.

पॅक लागू झाल्याचा एसएमएस आला तरी पान उघडत नसेल, तर एअरप्लेन मोड वीस सेकंद चालू ठेवून बंद करा. जुना जोड तुटतो, नवा बनतो आणि नवा जोड बनताना दारावरचा नियम पुन्हा तपासला जातो. रात्री बारानंतरही कधी वेग तसाच अडकून राहिला तर हाच उपाय. मर्यादा संपलेली असताना मात्र याने काहीही होत नाही, हे तुम्ही फोन बंद-चालू करून बघितलंच आहे.

पॅक मारायचा नसेल तर त्या हळू नेटवरही निभावता येतं. तीनपासून बारापर्यंत नऊ तास, सेकंदाला ८ किलोबाइट, म्हणजे साधारण २५० एमबी होतात. कमी नाही, फक्त रांग मोकळी हवी. सेटिंगमध्ये `Data Saver` चालू करा, म्हणजे मागे चालणारी ॲप मोबाइल डेटा घेणं थांबवतात. व्हॉट्सॲपमध्ये `Settings`, मग `Storage and data`, त्यात `When using mobile data` वर जाऊन फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट या चारही खुणा काढा. एवढं केलं की अक्षरी पान मिनिट-दीड मिनिटात उघडतं, मेल वाचता येते, पैसे पाठवता येतात. एक एमबीच्या नोट्सची पीडीएफ साधारण दोन-सव्वादोन मिनिटांत उतरते. एका वेळी एकच काम लावा आणि रिफ्रेश मारू नका. व्हिडिओ मात्र विसरा. सर्वांत खालच्या दर्जाचा व्हिडिओही या वेगात अडखळतो.

१.५ जीबी जातो कुठे

मुलगी डेटा उधळते असं लगेच धरू नका. क्लास करणाऱ्या मुलांचा हिशेब करून बघा. 720p दर्जाचा व्हिडिओ साधारण सेकंदाला अडीच मेगाबिट घेतो. तासाला नऊ हजार मेगाबिट, आठने भागले की ११२५ एमबी. म्हणजे दिवसाच्या १.५ जीबीतला जवळजवळ पाऊण भाग एका तासाच्या एका लेक्चरने खाल्ला. 480p वर तेच लेक्चर साधारण ४५० एमबीत होतं आणि 360p वर ३०० च्या आसपास. शिक्षक फळ्यावर ठळक लिहीत असतील तर 360p वर अक्षर वाचता येतं. बारीक आकृत्या असतील तर 480p. फोनच्या पाच-सहा इंची पडद्यावर 720p आणि 480p मधला फरक अभ्यासाच्या व्हिडिओत फारसा जाणवत नाही. डेटात मात्र तो अडीच पट आहे.

म्हणजे सकाळी एक लेक्चर 720p वर, मग जेवताना अर्धा तास रील्स, ग्रुपवर आलेले चार व्हिडिओ आपोआप उतरले, की तीन वाजता काटा शंभर टक्क्यांवर. तुम्ही सांगितलेली वेळ याच्याशी तंतोतंत जुळते.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. तेच लेक्चर उजळणीसाठी पुन्हा लावलं तर बहुतेक ॲप ते पुन्हा नेटवरून आणतात आणि पुन्हा तेवढाच डेटा कापला जातो. वीस मिनिटांचा अवघड भाग तीनदा मागे घेऊन बघितला तरी काही वेळा तसंच होतं. क्लासच्या ॲपमध्ये डाउनलोडची सोय असेल तर लेक्चर एकदाच उतरवून ठेवायचं आणि मग कितीही वेळा बघायचं. डेटा एकदाच जातो. उतरवताना दर्जा विचारला जातो, तिथे 360p किंवा 480p निवडायचं. बदल एवढाच करायचा ठरवला तर हा करा, बाकी सगळ्यापेक्षा याने जास्त वाचतं.

नेमकं कोण खातंय हे फोनच सांगतो. सेटिंगमध्ये शोधपट्टीत `data usage` टाका, मोबाइल डेटाचा वापर उघडा, ॲपची उतरत्या क्रमाने यादी येते. काही फोनमध्ये आजचा वापर वेगळा दिसतो. काहींमध्ये महिन्याचाच दिसतो. तिथे सकाळी यादीचा एक स्क्रीनशॉट आणि दुपारी दुसरा काढा, फरक म्हणजे आजचा खर्च. ॲपच्या नावावर टेकवलं की `Foreground` आणि `Background` असे दोन आकडे दिसतात. समोर उघडं असताना किती गेला आणि मागच्या मागे किती. फोटोच्या ॲपसमोर मागचा आकडा मोठा दिसला तर बॅकअप मोबाइल डेटावर चाललाय. तो गुगल फोटोजच्या बॅकअप सेटिंगमध्ये `Mobile data usage` मधून बंद होतो. प्ले स्टोअरचा आकडा मोठा असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये `Network preferences`, मग `Auto-update apps`, तिथे `Over Wi-Fi only` निवडा. यूट्यूबला `Video quality preferences` मध्ये मोबाइल नेटसाठी `Data saver` लावा. हॉटस्पॉट किंवा टेदरिंगच्या नावापुढे आकडा दिसला, तर रूममधल्या कोणाला तरी नेट दिलं जातंय. त्यात लॅपटॉप असेल आणि विंडोजने अपडेट ओढायला घेतलं, तर १.५ जीबी अर्ध्या तासात गेलाच म्हणून समजा. लॅपटॉपवर त्या हॉटस्पॉटच्या जोडणीला `Metered connection` चालू केलं की हे बरंच थांबतं.

फोनचा आकडा आणि कंपनीचा आकडा थोडा वेगळा येतो, त्यावर वाद घालू नका. कंपनी आपल्या दारावर मोजते, फोन आपल्या घरात. वर चढवलेला डेटाही मर्यादेत धरला जातो, फक्त उतरवलेला नाही. दहा-वीस एमबीचा फरक असायचाच. दुप्पट फरक दिसला तर मात्र चौकशी करा.

हॉस्टेलचं वाय-फाय आणि 5G

हॉस्टेलला वाय-फाय असेल तर एक आडवाट डेटा खाते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. खोलीत वाय-फाय कमजोर पडलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. त्याला कुठे वाय-फाय असिस्टंट म्हणतात, सॅमसंगमध्ये `Switch to mobile data`, आयफोनमध्ये `Wi-Fi Assist`. मुलीला वाटतं लेक्चर वाय-फायवर उतरतंय आणि प्रत्यक्षात रोजचा कोटा वाहून जातो. ही सोय बंद करा. त्याहून सोपं म्हणजे वाय-फायवर मोठं काही उतरवताना मोबाइल डेटाच हाताने बंद ठेवायचा.

5G चा गोंधळही सांगून ठेवतो, कारण फोन बदलल्यावर हाच प्रश्न नव्या रूपात येईल. जिओ आणि एअरटेल 5G ‘अनलिमिटेड’ देतात, पण जुलै २०२४ पासून ते सहसा रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवरच मिळतं. तुमच्या १.५ जीबीच्या प्लॅनला ते आपोआप लागू होत नाही, फोन 5G असला तरी. आणि प्लॅन त्यात बसत असला तरी अनलिमिटेड फक्त 5G वर असतानाच. खोलीत शिरल्यावर फोन 4G वर उतरला की तिथून रोजचा कोटा कापला जातो. तो संपला की 4G वर 64 Kbps. मग गच्चीवर नेट पळतं आणि खोलीत पान हलत नाही, आणि रेंज दोन्हीकडे फुल. अशा वेळी काड्यांकडे नाही, त्यांच्या शेजारी 5G लिहिलंय की 4G, ते बघायचं.

बाराचा हिशेब

रोजचा कोटा रात्री बाराला नव्याने सुरू होतो, तुम्ही रिचार्ज किती वाजता मारला होता त्याच्याशी त्याचा संबंध नाही. उरलेला डेटा बहुतेक प्लॅनमध्ये दुसऱ्या दिवशी मिळत नाही. म्हणून ज्या रात्री साडेअकराला तीनशे-चारशे एमबी शिल्लक असतील, त्या रात्री उद्याचं एक लेक्चर उतरवून ठेवायचं. ते फुकटच आहे. फक्त ते बाराच्या आत पूर्ण व्हायला हवं. डाउनलोड बारा ओलांडून गेलं तर पुढचा भाग उद्याच्या कोट्यातून कापला जातो. कोटा दुपारीच संपलेला असेल तर रात्री अकराला डाउनलोड लावून झोपणं हा मात्र तोटा. एक तास ते 64 Kbps वर रांगतं आणि बारानंतर नव्या कोट्यातून सुसाट सुटतं, त्याबरोबर बाकीची अडकलेली ॲपही. सकाळी उठेपर्यंत पाव कोटा गेलेला असतो. झोपताना मोबाइल डेटा बंद ठेवायचा आणि पहाटे, टॉवर मोकळा असताना, हवं ते लेक्चर उतरवायचं.

एवढं करूनही कधी असं दिसलं की कंपनीच्या कोडवर शिल्लक ८०० एमबी येतेय आणि पट्टीतला आकडा तरीही 8 KB/s वर सपाट आहे, तर ती तुमची चूक नाही. आधी एअरप्लेन मोड करून बघा. फोनमध्ये दोन सिम असतील तर मोबाइल डेटा कुठल्या सिमवर लावलाय ते बघा, कोटा एका सिमचा तपासायचा आणि नेट दुसऱ्याचं चालायचं असंही होतं. मग तेच सिम मैत्रिणीच्या फोनमध्ये घालून बघा. तिथेही आकडा सपाट असेल तर `198` ला कॉल करून तक्रार नोंदवा. ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं तर फोन रीस्टार्ट करा असं उत्तर मिळतं. त्याऐवजी तारीख, वेळ, शिल्लक दाखवणारा एसएमएस, दिसलेला वेग आणि दुसऱ्या फोनमध्ये सिम घालून बघितल्याचं सांगा, आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच नंबरच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.